फर्निचर वर्कशॉपच्या वेबसाइटचा नकाशा: कोणती पानं करायची आणि मेनूत काय ठेवायचं

घरच्यांनी चालवलेल्या फर्निचर वर्कशॉपची वेबसाइट आखताना बहुतेक जण एखाद्या मोठ्या दुकानाची वेबसाइट समोर ठेवतात आणि तिचाच साचा उचलतात. हॉल, बेडरूम, किचन असे विभाग, त्याखाली उपप्रकार, बाजूला फिल्टर, वर खरेदीची टोपली. हा साचा तयार माल विकणाऱ्यांसाठी आहे. वर्कशॉपकडे दाखवायला असतं ते आधी कोणाला तरी करून दिलेलं काम. फोटोतलं टेबल आता दुसऱ्याच्या घरात आहे. ते विकत घेता येत नाही, पण तसं करून मागता येतं. त्यामुळे इथलं पान हा एक नमुना असतो. तो पाहणाऱ्याच्या मनात तीन गोष्टी असतात: हे लोक असं काम करतात का, माझ्या मापात करतील का, आणि करून हवं असेल तर पुढे काय करायचं. पानांची रचना या तीन गोष्टींभोवती उभी करायची.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. पाच माणसांचं वर्कशॉप, त्यातले तिघे घरचे. वडील लाकूड निवडतात आणि बेंचवर काम करतात, मुलगी माप घ्यायला जाते आणि ड्रॉइंग काढते, मुलगा फोन, हिशेब आणि डिलिव्हरी सांभाळतो. टेबलं, पलंग, कपाटं आणि खुर्च्या ऑर्डरप्रमाणे होतात, जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिशही घेतलं जातं. पूर्ण झालेल्या ३८ कामांचे फोटो हाताशी आहेत.

आधी प्रश्न गोळा करा

कॉम्प्युटर उघडण्याआधी पोस्टकार्डाच्या आकाराचे कोरे कागद घ्या. मागच्या तीन महिन्यांतले मेसेज चाळा आणि गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न एका कागदावर, त्यांच्याच शब्दांत लिहा. "सहा जण बसतील असं टेबल केवढं होईल?", "घरी येऊन माप घेता का?", "किती दिवस लागतील?", "जुन्या खुर्चीची नुसती बैठक बदलून द्याल का?", "पलंग जिन्यातून वर जाईल ना?" तोच प्रश्न पुन्हा आला तर नवा कागद न घेता जुन्यावर एक रेघ ओढा.

हे काम एकट्याने करू नका, कारण घरातल्या प्रत्येकाला वेगळे प्रश्न ऐकू येतात. किंमत आणि मुदत फोनवर विचारली जाते, जिना, दरवाजा आणि भिंतीतला ओलावा माप घेताना निघतो, लाकूड आणि पॉलिश यांची चौकशी वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडून येते. फक्त फोन घेणाऱ्याने यादी केली तर सगळी वेबसाइट किंमत आणि मुदतीभोवती फिरते. फक्त कारागिराने केली तर सांध्यांची माहिती भरभरून येते आणि ऑर्डर कशी द्यायची तेच राहून जातं. साधारण चाळीसेक कागद झाले की नवे प्रश्न येणं मंदावतं. तिथे थांबा.

आता कागद टेबलावर पसरून एकमेकांशी जुळणारे एकत्र करा. या टप्प्यावर गठ्ठ्यांना नावं देऊ नका. "सेवा" किंवा "आमची वैशिष्ट्यं" असं नाव आधी पडलं की कागद त्यात कोंबले जातात. आमच्या उदाहरणात पाच गठ्ठे पडतात: एखादी विशिष्ट वस्तू करता का, जुनं नीट करता का, ऑर्डरची रीत कशी (माप, मुदत, आगाऊ रक्कम, डिलिव्हरी), लाकूड आणि पॉलिश, आणि तुम्ही कोण, कुठे आहात. सगळ्यात जाड गठ्ठा बहुधा ऑर्डरच्या रीतीचा निघतो. बहुतेक वर्कशॉपच्या वेबसाइटवर मात्र नेमकं हेच पान नसतं.

कामांची विभागणी: वस्तूप्रमाणे, खोलीप्रमाणे नाही

पहिल्या गठ्ठ्याला अनेक पानं लागणार, म्हणून त्याची विभागणी कशावर करायची हे ठरवावं लागतं. पर्याय तीन आहेत: खोली, लाकूड किंवा वस्तू. खोली पहिल्याच परीक्षेत नापास होते, कारण पुस्तकांचं शेल्फ हॉलमध्येही ठेवतात, अभ्यासाच्या खोलीतही आणि मुलांच्या खोलीतही. मग एकच काम तीन ठिकाणी टाकावं लागतं, नाहीतर दोन ठिकाणी ते सापडत नाही. लाकडाप्रमाणे विभागणी कारागिराला सोयीची वाटते, कारण त्याचं काम तिथून सुरू होतं. पण "मला सागवानाचं काहीतरी दाखवा" असं म्हणत येणारं गिऱ्हाईक विरळा. बाकीच्यांना टेबल हवं असतं आणि सागवान की दुसरं काही हा प्रश्न नंतरचा असतो. उरते वस्तू. विभागणी बरोबर आहे का हे तपासायची कसोटी सोपी आहे: प्रत्येक काम विचार न करता एकाच खणात पडलं पाहिजे.

३८ कामं खणांत टाकून पाहू. जेवणाची टेबलं ९, पलंग ७, कपाटं आणि शेल्फ ११, खुर्च्या आणि बाकं ४, लिहायची टेबलं ३ आणि उरलेली ४. उरलेल्यांत दोन चपलांचे रॅक, एक साइडबोर्ड आणि एक आरशाची चौकट. एवढ्यावर सहा पानं करायचा मोह होतो, पण तीन फोटोंचं पान पाहणाऱ्याला वाटतं की यांना लिहायच्या टेबलाचा फारसा सराव नसावा. चारपेक्षा कमी कामं असतील तर वेगळं पान करू नका. लिहायची टेबलं जेवणाच्या टेबलांबरोबर घेतली की "टेबलं" या पानावर १२ कामं होतात.

"इतर" नावाचं पान तर कधीच करू नका. त्यात काय आहे हे नावावरून कळत नाही, म्हणून त्यावर कोणी जात नाही आणि तिथली कामं असून नसल्यासारखी होतात. रॅक आणि साइडबोर्ड कपाटांबरोबर टाकले की तिथे १४ होतात. आरशाची चौकट कुठेच बसत नाही, तर ती लाकूड आणि पॉलिशच्या पानावर पॉलिशचा नमुना म्हणून ठेवा. आता चार विभाग उरले: टेबलं १२, पलंग ७, कपाटं १४, खुर्च्या ४. चौथा विभाग लहान असला तरी ठेवायचा, कारण लोक "खुर्ची" हाच शब्द घेऊन शोधतात.

नकाशा कागदावर

आता पानांची यादी करू. प्रत्येक पानाचं यूआरएल, म्हणजे वेबवरचा पत्ता, आत्ताच ठरवायचं, कारण ते नंतर बदलणं त्रासाचं असतं.

```
/                   मुख्य पान
/tables/            टेबलं
/beds/              पलंग
/storage/           कपाटं
/chairs/            खुर्च्या
/repair/            दुरुस्ती आणि पॉलिश
/how-to-order/      ऑर्डर कशी द्यायची
/wood-and-finish/   लाकूड आणि पॉलिश
/about/             आमच्याबद्दल
/contact/           संपर्क
/work/...           एकेका कामाचं पान
```

ही दहा पानं, आणि त्याशिवाय एकेका कामाची. सगळ्या ३७ कामांना स्वतंत्र पान देऊ नका. ज्याचे निदान तीन चांगले फोटो आहेत आणि ज्याची मापं, लाकूड आणि लागलेला वेळ ठाऊक आहे, त्यालाच पान द्या. जुन्या कामांची मापं बहुधा कोणी लिहून ठेवलेली नसतात, त्यामुळे आमच्या उदाहरणात १६ कामंच या अटीत बसतात. बाकीच्यांचा एकेक फोटो विभागाच्या पानावर, खाली एका ओळीच्या माहितीसह. म्हणजे एकूण २६ पानं, आणि घरातला एक माणूस एवढी सांभाळू शकतो.

या यूआरएलमध्ये तीन निर्णय दडलेले आहेत. पहिला म्हणजे कामाचं पान `/tables/` च्या पोटात न ठेवता `/work/` खाली ठेवलं आहे. उद्या लिहायच्या टेबलांची संख्या वाढली आणि त्यांचा वेगळा विभाग झाला, तर `/tables/` खालची पानं हलवावी लागली असती आणि लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या जुन्या लिंका तुटल्या असत्या. `/work/teak-writing-desk/` हे मात्र विभाग कितीही बदलले तरी जागच्या जागी राहतं. चांगले पत्ते बदलत नाहीत, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे.

दुसरा निर्णय शब्दांच्या व्यापकतेचा. कपाटांच्या पानाला `/cupboards/` न म्हणता `/storage/` म्हटलं आहे, कारण त्यात शेल्फ आणि रॅकही आहेत. पानाचं दिसणारं नाव कधीही बदलता येतं, यूआरएल मात्र शक्यतो बदलायचं नसतं. म्हणून ते थोडं सैल ठेवावं.

तिसरा, पानं मराठीत असली तरी यूआरएल रोमन अक्षरांत. देवनागरी यूआरएल चालतं, पण कॉपी करून पाठवलं की अनेकदा त्याचं रूपांतर टक्केचिन्हांच्या माळेत होतं. दर देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं लागतात, म्हणजे "टेबल" एवढ्या शब्दाची छत्तीस:

```
%E0%A4%9F%E0%A5%87%E0%A4%AC%E0%A4%B2
```

मेसेजमध्ये अशी लिंक आली की लोक ती उघडायला कचरतात.

दोन पानं नकाशातून हमखास निसटतात, कारण त्यांच्याकडे कोणी स्वतःहून जात नाही. एक म्हणजे फॉर्म पाठवल्यावर दिसणारं. त्यावर नुसते आभार मानू नका. उत्तर किती दिवसांत येईल आणि तोवर खोलीचे कोणते फोटो काढून ठेवायचे, हे लिहा. दुसरं म्हणजे पान सापडलं नाही की दिसणारं ४०४. त्यावर चार विभागांच्या आणि संपर्काच्या लिंका द्या.

प्रत्येक पानाचा कागद

आता दर पानासाठी एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: हे पान कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, त्यासाठी पुरावा काय दाखवायचा, माणूस इथे कुठून येईल, आणि इथून पुढे कुठे जाईल. पहिल्या रकान्यात दोनपेक्षा जास्त प्रश्न आले तर पान फुटायला हवं. एकही सुचला नाही तर ते पान नको. "आमचं ध्येय" हे पान इथेच गळून पडतं.

नमुन्यादाखल सहा जणांच्या सागवानी टेबलाचं पान घेऊ. प्रश्न: असं टेबल माझ्या जागेत बसेल का आणि त्याला काय लागेल? पुराव्यात एक पूर्ण फोटो, एक कोपऱ्याचा जवळून, आणि एक खोलीत ठेवलेला, आजूबाजूला खुर्च्यांसह. मग मापं. नुसती लांबी-रुंदी पुरत नाही, कारण बसणाऱ्याला खुर्ची मागे सरकवायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत साधारण ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. टेबल १८० बाय ९० सेंटिमीटरचं असेल आणि चारही बाजूंनी वावरायचं असेल, तर खोलीत ३६० बाय २७० एवढी जागा हवी. हे एक वाक्य पानावर असलं की मापाबद्दलचे निम्मे फोन आपोआप नेमके होतात. त्याखाली लाकूड, पॉलिशचा प्रकार आणि ऑर्डरपासून डिलिव्हरीपर्यंत लागलेला वेळ.

किंमत लिहायची की नाही यावर घरात वाद होणारच. किमतीचं स्वतंत्र पान करू नये असं आमचं मत आहे, कारण मापाशिवाय आकडा दिला की तो दिशाभूल करतो. पण किंमत कुठेच दिली नाही, तर फोन तेवढ्यासाठीच वाजतो. मधला मार्ग असा की प्रत्येक कामाच्या पानावर त्या कामाचा अंदाजे पल्ला आणि ते केव्हाचं आहे तो महिना आणि वर्ष लिहा, आणि विभागाच्या पानावर किंमत कशाने वाढते ते सांगा: फळीची जाडी, ड्रॉवरची संख्या, अखंड लाकूड की प्लायवर विनियर.

तिसरा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण रचनेच्या चुका त्यातच सापडतात. या पानावर माणूस मुख्य पानावरून येईल असं गृहीत धरू नका. तो शोधातून किंवा कोणीतरी पाठवलेल्या लिंकवरून थेट इथे उतरेल आणि वर्कशॉपचं नावही त्याने ऐकलेलं नसेल. म्हणून पानाच्या वरच "मुख्य पान › टेबलं › सागवानी टेबल, सहा जणांचं" अशी वाटेची ओळ हवी. यूआरएलमध्ये `tables` नाही म्हणून अडत नाही, ही ओळ यूआरएलपेक्षा वेगळी असू शकते.

चौथ्या रकान्यात पुढचं पाऊल एकच ठळक ठेवा: "असं टेबल करून हवं आहे". तिथून संपर्काच्या फॉर्मकडे जाताना कामाचं नाव बरोबर न्या.

```
<a href="/contact/?job=teak-table-6">असं टेबल करून हवं आहे</a>
```

फॉर्ममध्ये हे नाव आपोआप भरलं जाईल अशी सोय वेबसाइट करणाऱ्याकडून करून घ्या. नाहीतर "तुमच्या वेबसाइटवरचं ते टेबल" असा निरोप येतो आणि बारापैकी कोणतं ते विचारण्यात एक दिवस जातो. ठळक बटणाखाली साध्या लिंका तीन: मिळतीजुळती दोन कामं, आणि ऑर्डरच्या पानावरचा माप कसं घ्यायचं हा भाग. ज्याचं अजून ठरलेलं नाही तो या लिंकांवरून फिरत राहतो, ज्याचं ठरलं आहे तो बटण दाबतो.

सगळे कागद भरले की भिंतीवर चिकटवा आणि बाण काढा. ज्या कागदातून एकही बाण बाहेर जात नाही, ते पान म्हणजे बंद गल्ली. लाकूड आणि पॉलिशचं पान बहुधा असंच निघतं: माहिती उत्तम, पण वाचून झाल्यावर जायला जागा नाही. तिथे प्रत्येक लाकडाच्या माहितीखाली त्या लाकडात केलेल्या दोन कामांच्या लिंका द्या.

फिल्टर लागतात का

लाकडाप्रमाणे विभाग केले नाहीत, तर निदान फिल्टर तरी असावेत, असं कोणीतरी सुचवतंच. हिशेब करून बघा. चार विभाग, पाच लाकडं, तीन प्रकारची पॉलिशं, आणि प्रत्येकात "सगळे" हा एक जादा पर्याय. म्हणजे ५ गुणिले ६ गुणिले ४, एकूण १२० जोड्या. कामं ३७. बहुतेक जोड्यांवर "काही सापडलं नाही" असंच दिसणार, आणि ऑर्डरप्रमाणे काम करणाऱ्याचं त्यात उगाच नुकसान आहे, कारण त्या लाकडात ते काम अजून केलेलं नसलं तरी करता आलं असतं. एका विभागात तीस-चाळीस कामं होईपर्यंत फिल्टरच्या वाटेला जाऊ नका.

माहिती मात्र आत्तापासून नीट ठेवा. एक साधी स्प्रेडशीट करा, दर कामाला एक ओळ: नाव, विभाग, मापं, लाकूड, पॉलिश, लागलेले दिवस, फोटोंची नावं, पूर्ण झाल्याची तारीख. पुढे फिल्टर करायचे ठरले तर ते याच रकान्यांवर बसतील.

मेनू म्हणजे नकाशा नव्हे

दहा पानं आहेत म्हणून मेनूत दहा नावं लागत नाहीत. मेनूत ते ठेवा, ज्याच्या शोधात माणूस कुठल्याही पानावरून निघू शकतो. आमच्या उदाहरणात सात नावं: टेबलं, पलंग, कपाटं, खुर्च्या, दुरुस्ती आणि पॉलिश, ऑर्डर कशी द्यायची, संपर्क. "मुख्य पान" हे नाव नको, वर्कशॉपच्या नावावर किंवा लोगोवर दाबलं की तिथे जाता येतं. लाकडाची आणि स्वतःबद्दलची पानं फूटरमध्ये, म्हणजे तळाच्या पट्टीत.

"आमचं काम" या एका नावाखाली चारही विभाग घडी घालून ठेवायचा पर्याय नीटनेटका दिसतो. आमचा कल सरळ सात नावांकडे आहे. "टेबलं, पलंग, कपाटं, खुर्च्या" हे शब्द वाचताच वर्कशॉप काय करतं ते कळतं, "आमचं काम" वाचून काहीच कळत नाही. शिवाय माउस वर नेल्यावर उघडणारी घडी फोनवर चालत नाही, कारण बोट नुसतं वर धरता येत नाही. मेनूत पाच ते नऊच नावं असावीत असा एक नियम सांगितला जातो आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाचा दाखला देतात. तो निबंध अल्पकाळ स्मरणात ठेवण्याबद्दल होता. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करावा लागत नाही. खरी मर्यादा पट्टीच्या रुंदीची आहे: नावं दुसऱ्या ओळीत सांडू लागली की कमी करा.

"आमच्याबद्दल" फूटरमध्ये गेलं की घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. घरचं वर्कशॉप आहे, काम कोण करणार हे गिऱ्हाइकाला जाणून घ्यायचंच असतं. फक्त ते वेबसाइटवर आल्या आल्या नाही, तर आगाऊ रक्कम द्यायच्या सुमारास. म्हणून त्या पानाची लिंक ऑर्डरच्या पानावर द्या, "माप घ्यायला कोण येईल" या मजकुराजवळ, त्या माणसाच्या फोटोसह. मुख्य पानावर दोन ओळी आणि एक लिंक पुरते.

फोनवर सात नावं मावत नाहीत, मेनू बटणामागे जातोच. बटणावर नुसत्या तीन रेघा न काढता "मेनू" असं लिहा, आणि फोन लावायचं बटण त्याच पट्टीत बाहेर ठेवा. बटणामागे लपलेल्या गोष्टी कमी लोक उघडतात, म्हणून मुख्य पानावर पहिल्या फोटोखाली लगेच चारही विभाग फोटो आणि नावांसह मांडा. अनेकांना मग मेनू उघडायची गरजच पडत नाही. दाबायची जागा पुरेशी मोठी हवी. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत, पण बोटांसाठी ४४ च्या आसपास ठेवलेलं बरं.

मेनूच्या कोडमध्ये एवढं पाहा की माणूस ज्या पानावर आहे ते नाव वेगळं दिसतं आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही ते कळतं:

```
<nav aria-label="मुख्य मेनू">
  <a href="/tables/" aria-current="page">टेबलं</a>
  <a href="/beds/">पलंग</a>
</nav>
```

मराठी मेनूत आणखी एक गोष्ट बिघडते. तयार साच्यांत पट्टीची उंची रोमन अक्षरांच्या बेताने ठेवलेली असते आणि त्यात वेलांट्या, मात्रा, उकार कापले जातात. "दुरुस्ती" आणि "खुर्च्या" हे शब्द टाकून पाहा, लगेच दिसेल. ओळीची उंची ठरवणारं `line-height` १.५ च्या पुढे नेलं की बहुधा सुटतं.

बांधण्याआधी कागदावरच तपासा

मेनूतली सात आणि फूटरमधली दोन नावं एका कागदावर छापा. रंग नाही, फोटो नाही. वर्कशॉपशी संबंध नसलेले सात-आठ जण गाठा आणि प्रत्येकाला सहा-सात कामं सांगा. विचारताना मेनूतला शब्द वापरू नका, नाहीतर तो फक्त शब्द जुळवायचा खेळ होतो. "पुस्तकं ठेवायला भिंतभर काहीतरी करून घ्यायचंय, कुठे बघाल?" असं विचारा आणि पहिलं बोट कुठे पडतं ते लिहा. मदत करू नका, समजावून सांगू नका. वेबसाइटवर तुम्ही शेजारी नसणार.

समजा आठ जणांत निकाल असे आले. पुस्तकांच्या प्रश्नावर तिघे अडखळले, कारण "कपाट" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दारं येतात. इथे नाव बदलायचं: "कपाटं आणि शेल्फ". यूआरएल `/storage/` असल्याने त्याला हात लावावा लागत नाही.

"जुन्या खुर्चीची बैठक फाटली आहे" या प्रश्नावर पाच जण "खुर्च्या" वर गेले, दुरुस्तीवर तिघेच. इथे नाव बदलून काही होणार नाही, कारण त्यांचं चुकलेलं नाही. त्यांच्या मनात खुर्ची आधी आहे, दुरुस्ती नंतर. माणसं जातात तिथेच उत्तर ठेवा: खुर्च्यांच्या पानावर अगदी वर "जुनी खुर्ची नीट करून हवी आहे?" ही लिंक. टेबलं आणि पलंगांच्या पानांवरही तशीच.

"माप घ्यायला घरी येतात का" यावर चौघे ऑर्डरच्या पानाकडे, चौघे संपर्काकडे. उत्तर ऑर्डरच्या पानावरच राहू द्या, संपर्काच्या पानावर एक ओळ आणि लिंक द्या. पूर्ण मजकूर दोन्हीकडे लिहिला, तर वर्षभराने एकीकडे बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो, आणि गिऱ्हाईक नेमकं जुन्यावर बोट ठेवतं.

आठांतल्या तिघांचं किंवा अधिकांचं पहिलं बोट चुकलं तर काहीतरी बदला. एखाद्याचंच चुकलं तर सोडून द्या. बदल केल्यावर नव्या माणसांना विचारा, त्याच माणसांना उत्तरं आता ठाऊक झालेली असतात.

जुनी वेबसाइट असेल तर

जुन्या सगळ्या पानांची यादी करा आणि प्रत्येकासमोर नवं पान लिहा. सगळं मुख्य पानावर वळवणं सोपं असतं, पण टेबलाचा फोटो पाहायला आलेल्या माणसाला मुख्य पान दिसलं की तो परत जातो, आणि शोध यंत्रंही अशा वळणाला बरेचदा "पान सापडलं नाही" असंच धरतात. अपाचे सर्व्हरवर वळण असं लिहितात:

```
Redirect 302 /dining.html /tables/
Redirect 302 /polish.html /repair/
```

हे मुद्दाम ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण आहे. सगळ्या लिंका तपासून झाल्या की ३०१, म्हणजे कायमचं वळण करा. सुरुवातीलाच ३०१ टाकलं आणि त्यात चूक निघाली, तर ज्याने ते पान उघडलं त्याचा ब्राउझर चुकीची वाट लक्षात ठेवतो आणि तुम्ही दुरुस्ती केली तरी त्याला ती बराच काळ दिसत नाही.

नवी कामं आणि बंद झालेली

फोटो आणि मापं डिलिव्हरीच्या आधी, वर्कशॉपमध्येच घ्या. वस्तू एकदा गिऱ्हाइकाच्या घरी गेली की मापपट्टी घेऊन परत जाणं होत नाही. खोलीतला फोटो तेवढा बसवायला जाईल त्याने काढायचा आणि वेबसाइटवर टाकायला गिऱ्हाइकाची परवानगी तिथेच विचारून घ्यायची. स्प्रेडशीटमध्ये ओळ भरायचं काम एकाच माणसाकडे द्या. आमच्या उदाहरणात ते मुलाकडे, कारण डिलिव्हरीचं बिल तोच करतो. बिल आणि ओळ एकाच वेळी झाली की राहून जात नाही. लिहायच्या टेबलांची कामं चार झाली की लगेच नवा विभाग काढू नका, सात-आठ होऊ द्या. तोवर "टेबलं" या पानावरच वेगळं उपशीर्षक पुरतं.

एखादं काम आता करत नसाल, समजा ते लाकूड मिळेनासं झालं, तर त्याचं पान काढून टाकू नका. कोणाच्या तरी जुन्या मेसेजमध्ये ती लिंक असते आणि शोधातूनही लोक तिथे येत राहतात. फोटो ठेवा, वर "या लाकडात आता करत नाही" असं स्पष्ट लिहा, ठळक बटण काढा, आणि त्या जागी सध्या करत असलेल्या सगळ्यात जवळच्या कामाची लिंक द्या.